‘असो’ या शब्दामागचं दुखणं

लातूर,
९ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकल्यापासून चैन नाही. टीम लीडर झाल्यावरची तुझी पहिली सूचना, ‘सोमवारपासून शेतभेटीचा अहवाल शनिवारी कागदावर न देता रोज संध्याकाळी सहापर्यंत ॲपमध्ये भरायचा, भोकरदनच्या टीमने हे महिनाभर करून पाहिलं आहे’, आणि तिच्याखाली आलेली उत्तरं तू पाठवलीस. ती मी सकाळी दोनदा आणि दुपारी जेवून परत एकदा वाचली. तू दोन उत्तरांवर चिडला आहेस आणि माझ्या मते नेमकी तीच दोन सरळ आहेत. टोचणारी वेगळी आहेत, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय.

आधी तुला सगळ्यात उद्धट वाटलेलं उत्तर घेऊ. मंठ्याच्या पोरानं लिहिलं, ‘गावात रेंज नसली तर काय करायचं तेवढं सांगा.’ सर नाही, नमस्कार नाही, अभिनंदन नाही. पण त्यात काही लपवलेलंही नाही. अडचण कोणती आणि तुझ्याकडून काय हवं, दोन्ही एका ओळीत आलं. आडून टोमणा मारणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्नाला उत्तर मिळालं की विषय संपतो आणि त्याला तो संपवायचा नसतो. आपल्या मराठवाड्यात बोलणं असंच रोखठोक असतं. तू चार वर्षं पुण्यात राहून आलास, त्यामुळे ते आता तुझ्या कानाला टोचतंय.

आता ऑफिसातल्या मॅडमचं उत्तर बघ. ‘माहितीबद्दल आभार. आम्हाला ग्रुपवरच कळलं, तेही बरंच झालं.’ हे तुला गोड वाटलं. यातला ‘च’ काढून वाच. ‘ग्रुपवर कळलं’ ही नुसती माहिती झाली. ‘ग्रुपवरच कळलं’ म्हटलं की दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने कळायला हवं होतं, असं त्यात येतं. ‘च’ नेहमी काहीतरी बाहेर ठेवतो, म्हणून तो दिसला की काय बाहेर ठेवलंय हे स्वतःला विचारायचं. ‘आत्ताच पाहिलं’ मध्ये बाहेर ठेवलं ते फक्त ‘आधी’, त्यात कुणाचा दोष नाही. इथे मात्र बाहेर राहिलास तू. तू त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं नाहीस. आणि आठव, शनिवारी आलेले कागद संगणकात कोण भरत होतं? त्याच ना! तुझ्या एका सूचनेने त्यांचं निम्मं काम गेलं आणि ते त्यांना बाकी सगळ्यांसोबत कळलं. त्यांनी न लिहिलेलं वाक्य बहुतेक असं असेल: ‘माझं आता काय होणार?’

मी उत्तर वाचताना हेच करतो. एखादा शब्द काढला आणि माहिती जशीच्या तशी राहून फक्त बोच गेली, तर तो शब्द बोचण्यासाठीच आला होता. मग त्या जागी कोणतं वाक्य गिळलंय ते शोधायचं. ते सापडलं नाही तर माझा अंदाज चुकला असं धरतो.

तिसरं उत्तर तुझ्याबरोबरच लागलेल्या सहकाऱ्याचं. ‘मागच्या मीटिंगमध्ये मी हेच सुचवलं होतं. असो. शुभेच्छा!’ यातला ‘असो’ काढून पाहिलास तर उरते साधी आठवण, आणि तिच्यावर बोलता येतं. ‘असो’ आला की जखम दाखवली आणि लगेच झाकलीही. तू विचारायला गेलास तर तो म्हणणार, ‘अरे, मी कुठं काय म्हणलो? शुभेच्छाच दिल्या ना!’ अशा बोलण्याची ताकद या नाकारण्यातच असते. पण फोनवर तूच म्हणालास की एप्रिलच्या मीटिंगमध्ये त्यानंच ही गोष्ट काढली होती. मग तुझ्या सूचनेत भोकरदनचं नाव आलं आणि त्याचं का नाही आलं? त्याची पद्धत मला आवडली नाही, पण त्याची तक्रार खरी आहे.

अंबडवाल्यांचं ‘भोकरदन टीमचं अभिनंदन, त्यांना तर वेळही भरपूर असतो’ हे उघडच आहे. ‘तर’ आणि ‘ही’ मिळून सांगतात की आम्हाला वेळ नसतो. त्यावर ग्रुपवर काही लिहू नकोस. एकेकाकडे किती गावं आहेत ते त्यांना समोर बसवून विचार.

राहिले गोदामातले काका. ‘आपण म्हणाल तसं.’ यावर तू सगळ्यात जास्त चिडलास, कारण ‘आपण’ म्हणजे मुद्दाम राखलेलं अंतर आणि ‘म्हणाल तसं’ म्हणजे जबाबदारी झटकणं, असं तुला वाटलं. एखाद्या मित्राने एकाएकी ‘तू’ सोडून ‘आपण’ लिहिलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. पण त्यांचे जुने मेसेज वर जाऊन बघ. ते चहावाल्या पोरालासुद्धा ‘आपण’ लिहितात की नाही? माणूस त्याच्या रोजच्या बोलण्यापासून किती सरकला, ते मोजायचं. माझी इथल्या ऑफिसात हीच चूक झाली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या ‘आम्ही काय, सांगाल तसं’ वर मी महिनाभर अढी धरून बसलो. शेवटी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, ‘लेकरा, मला ते मोबाईलवर लिहायला जमत नाही, म्हणून तेवढंच लिहितो.’ मला फार वाईट वाटलं. तो महिना मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

लेखी शब्दातून स्वर ओळखणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी ईमेलवर काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने लिहिली. समोरच्याला शंभरात ७८ वेळा खरा सूर कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ वेळा कळला. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नास वेळा बरोबर आलं असतं. म्हणून मी वर मॅडमबद्दल ‘बहुतेक’ लिहिलं. ‘च’ ने मला फक्त दार दाखवलं, आत काय आहे ते त्यांनाच विचारावं लागेल.

तेव्हा उद्या सकाळी आधी मंठ्याच्या पोराला ग्रुपवरच उत्तर दे. रेंज नसली तर अहवाल फोनमध्ये साठवता येतो का आणि रेंज आल्यावर पाठवलेला चालेल का, ते स्पष्ट लिही. त्याच मेसेजात पुढची ओळ टाक, ‘ही कल्पना एप्रिलच्या मीटिंगमध्ये आपल्याच सहकाऱ्याने मांडली होती, सूचनेत ते लिहायचं माझ्याकडून राहून गेलं’, आणि त्याचं नाव घे. नाव चारचौघांत राहिलं, तर चारचौघांतच घ्यायला हवं. ‘तुझा टोमणा कळला’ असं मात्र त्याला एकट्यालाही म्हणू नकोस, नाहीतर बोलणं तक्रारीवरून त्याच्या स्वभावावर जाईल.

मॅडमकडे फोन न करता स्वतः जा. जाण्याआधी शनिवारच्या कामाच्या जागी त्यांना काय देणार, ते वरिष्ठांकडून पक्कं करून घे. रिकाम्या हाताने जाऊन ‘तुम्हाला वाईट वाटलं का’ असं विचारलंस, तर त्या ‘छे छे, अजिबात नाही’ म्हणतील आणि तू तसाच परत येशील.

काकांना काही विचारू नकोस, त्यांच्यासोबत चहा घे.

मॅडम काय म्हणाल्या ते मला नक्की कळव, माझं लक्ष तिकडेच लागलंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
लातूरचा मित्र