वाढदिवसाची एकच भेट: नातेवाईकांना निरोप कसा लिहायचा

प्रिय मंजू,

मुक्ताला खेळण्यांचा ढीग नको, सगळ्यांनी मिळून एकच भेट द्यावी, हे नातेवाईकांना कसं कळवायचं असं तू विचारलंस. तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला तीन आठवडे आहेत, तेव्हा निरोप आता पाठव. महिना-दीड महिना आधी पाठवलेला निरोप लोक विसरून जातात, आणि आठवडाभर आधी पाठवला तर कुणीतरी खेळणं आणून कपाटात ठेवलेलं असतं.

"खेळणी आणू नका" एवढंच लिहू नकोस. रिकाम्या हाताने यायला कुणालाच आवडत नाही, त्यामुळे प्रत्येकजण "एक छोटंसंच तर आहे" म्हणून काहीतरी उचलतो आणि रंगीत रिंगांचे तीन संच घरात येतात. "काहीतरी उपयोगी आणा" हेही तसंच, कारण उपयोगी काय ते त्यांनी ठरवायचं! मागायचं तर वस्तूचं नाव घेऊन माग. तू म्हणतेस ती पेडल नसलेली सायकल चांगली आहे: सगळ्यांनी मिळून एक, आणि विकत घेणारा माणूसही एकच.

पण "सायकल" एवढ्याने भागत नाही. खोक्यावर "२ ते ५ वर्षे" असं वय छापलेलं असतं, तर सायकल बसते पायांच्या लांबीवर. मुक्ताला बूट घालून भिंतीला पाठ टेकून उभी कर. एक पातळ पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वर करून, हलकेच वर सरकव, आणि जमिनीपासून कण्यापर्यंतची उंची मोज. समज ती ३२ सेंटीमीटर भरली, तर सीट २९ ते ३० सेंटीमीटरवर यायला हवी, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघे किंचित वाकलेले राहतात. तिला पायांनीच ढकलायचंय आणि पायांनीच थांबायचंय. सीट ३५ च्या खाली येतच नसेल तर ती चवड्यांवर उभी राहील, बाजूला कलंडेल आणि दोन दिवसांत सायकलकडे बघणारही नाही. म्हणून निरोपात वय लिहू नकोस, सीटची सर्वांत खालची उंची लिही. दुसरी गोष्ट वजन. बारा किलोच्या मुलीला साडेतीन किलोपर्यंतची सायकल पेलते, त्याहून जड असली तर पडलेली सायकल तिला स्वतः उचलता येत नाही.

निरोप साधारण असा:

"मुक्ता २ वर्षांची होतेय. या वेळी सगळ्यांनी मिळून तिला एकच भेट द्यावी असं आम्हाला वाटतं: पेडल नसलेली सायकल. सीट ३० सेंमीपर्यंत खाली येणारी, वजन साडेतीन किलोपर्यंत. खरेदी सुहासमामा करतील. ज्यांना वाटा द्यायचाय त्यांनी १० तारखेपर्यंत मामांना वेगळं कळवा, रक्कम जमेल ती. कुणी आधीच काही घेतलं असेल तर खोकं न उघडता, बिलासकट ठेवा आणि मला सांगा."

रकमेचा आकडा घालू नकोस, आणि कुणी किती दिले हे ग्रुपवर येऊ देऊ नकोस. वाट्याचा हिशेब मामांच्या वहीतच राहू दे. शेवटचं वाक्य मात्र गाळू नकोस. ते नसेल तर आधीच खेळणं घेऊन बसलेली माणसं अवघडून गप्प बसतात आणि ते खेळणं त्या दिवशीच समोर येतं.

आजीला मात्र स्वतःच्या हाताने काहीतरी द्यायचंच असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यांना हेल्मेट सांग. भुवयांच्या बोटभर वरून, डोक्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप फिरव. माप ४८ आलं तर ४६ ते ५२ चं हेल्मेट चालेल. हे त्यांना लिहून नको, फोनवर सांग.

याउलट दहा वस्तूंची यादी ग्रुपवर टाकून "आपापलं नाव लिहा" म्हणालीस तर घोटाळा ठरलेला. काकू यादी कॉपी करून आपलं नाव घालतात, त्याच मिनिटाला दादा जुनी यादी कॉपी करून आपलं घालतो, आणि खालच्या यादीतून काकूंचं नाव गायब. मग त्याच ओळीवर तिसरा माणूस.

निरोप ग्रुपवर ३० दिवसांसाठी पिन कर, नाहीतर शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात तो दिसेनासा होतो. पाठवण्याआधी मापं पुन्हा तपास, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पहिल्या पंधरा मिनिटांतच सुधारता येतो. खरेदी झाल्यावर मामांनी त्याच ग्रुपवर "सायकल घेतली" असं लिहून खोक्याचा फोटो टाकायचा. ते राहिलं तर शेवटच्या दोन दिवसांत कुणीतरी "न जाणो" म्हणून दुसरी घेऊन येतं.

तुझीच,
शमा