वीरगळाशेजारची पाटी उभ्याने वाचता यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सीमाभागातल्या एका संग्रहालयात एक चांगला जपलेला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, आहे. त्याच्या शेजारच्या पाटीवर पावणेदोनशेच्या आसपास शब्द आहेत. सुरुवात गोव्याच्या कदंबांच्या वंशावळीने होते, मग हलशी ही त्यांची दुसरी राजधानी कशी होती ते येते, मग शिल्पशैली, दगडाची लांबी-रुंदी आणि नोंदणी क्रमांक. यातले काही चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला हा दगड कसा पाहायचा, हे त्यात कुठेच नाही.

वीरगळ खालून वर पाहायचा असतो. आपली नजर मात्र सवयीने वरून खाली येते. सगळ्यात आधी शिवलिंग दिसते, आणि हा एखाद्या देवळाचा दगड आहे असे समजून लोक पुढे जातात. मी इतिहासाचा शिक्षक होतो. मुलांना घेऊन गेलो की नेमके हेच व्हायचे. म्हणून पाटी कापायची तर पहिले वाक्य दगडाकडे बोट दाखवणारे हवे. मी ती अशी लिहीन:

‘हा दगड खालून वर पाहा. तळाशी गाईंचा कळप आणि तो पळवणाऱ्यांशी लढणारा वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहो. गावची गुरे राखताना पडलेल्यांसाठी असे दगड उभारत.’

हे चाळीसच्या वर थोडेच शब्द झाले. सावकाश वाचले तरी वीसेक सेकंदांत संपतात. इंग्रजी पाट्यांसाठी पन्नास-साठ शब्दांची मर्यादा सांगतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो आणि आपली मर्यादा चाळीस-पंचेचाळीसची ठेवावी लागते. खाली बारीक अक्षरात एकच ओळ पुरे: ‘वीरगळ, काळा दगड, बहुधा १२ वे शतक.’ नोंदणी क्रमांक कोपऱ्यात राहू द्यावा. वंशावळ आणि मोजमापे दालनात ठेवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या माहितीपत्रकात जावीत. ज्याला हवी तो बाकावर बसून वाचेल.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. मजकूर छाटताना सगळ्यात आधी असेच शब्द उडतात. ‘शैलीवरून १२ व्या शतकातला असावा’ याचे ‘१२ व्या शतकातील’ होते, आणि अभ्यासकाचा अंदाज पाटीवर पक्की माहिती होऊन बसतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचे साल आपण १२०४ असे ठामपणे सांगतो, कारण तिथला शिलालेख वाचलेला आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधल्याचे त्यावरून कळते. ज्या वीरगळावर अक्षर कोरलेले नाही, त्याच्याबद्दल तसे ठाम बोलता येत नाही. एका शब्दाच्या जागेसाठी हा फरक पुसू नये.

पाटी छापण्याआधी ती साध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आठवडाभर दगडाशेजारी लावावी आणि बाजूला उभे राहून पाहावे. वाचता वाचता माणसाची नजर दगडाकडे जाते का? ‘तळाशी’ वाचल्यावर तो थोडा वाकतो का? पाटी संपेपर्यंत मान तिच्यातच राहिली, तर मजकूर अजून वस्तूपासून तुटलेला आहे असे समजावे. आणि मधेच सोडून लोक पुढे जात असतील, तर ते कोणत्या वाक्याशी थांबतात ते टिपावे. बहुतेक वेळा तिथे एखादा न समजणारा शब्द किंवा राजाचे नाव असते.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. पावणेदोनशे शब्द कानडीत आणि इंग्रजीत छापले की पाटी भरते, अक्षर बारीक होते आणि मराठीला जागा उरत नाही. चाळीस-पन्नास शब्दांचा परिच्छेद असेल, तर त्याच आकाराच्या पाटीवर तिन्ही भाषा बसतात आणि अक्षरही आजच्यापेक्षा मोठे ठेवता येते. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत अंतर मोकळे सोडावे. ते आवळले की चष्मेवाल्यांना पाटी वाचवत नाही.

ताम्रपटासारख्या वस्तूला मात्र एवढ्यात बसवता येणार नाही. त्यावर काय कोरले आहे हेच पाहणाऱ्याला हवे असते, आणि ते सांगायला जागा लागते. तिथे छोट्या पाटीवर कोणी, कोणाला, कुठली जमीन दिली एवढे लिहावे आणि पूर्ण वाचन शेजारी वेगळे लावावे. सुरुवात मात्र वीरगळापासून करावी. एक पाटी बदलायला फार खर्च येत नाही, आणि आमच्या भागातले जुने शिक्षक कानडी-मराठी दोन्ही मजकूर तपासून द्यायला तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव