पक्या, एक काम होतं, वाचून घे नीट

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार
पुणे

प्रिय पक्या,

फोन करणार होतो पण तू उचलला असतास आणि आपण पाऊण तास दुसऱ्याच विषयावर बोललो असतो, आणि मूळ काम राहून गेलं असतं, म्हणून लिहून टाकतोय. शिवाय यात तारखा आहेत, एक नंबर आहे, ते फोनवर सांगून उपयोग नाही. चहा घेऊन बस.

तर, तुला सांगितलं नव्हतं, तुमच्याकडे अप्लाय केलंय मी. रागावू नकोस. तू जूनमध्येच जॉईन झालायस, अजून प्रोबेशन चालू आहे, त्यात माझं लचांड तुझ्या गळ्यात नको म्हणून गप्प बसलो होतो. त्यांच्या एचआरचाच लिंक्डइनवर मेसेज आला होता, मी २५ ऑगस्टला साईटवरून फॉर्म भरला. तीन टेक्निकल राऊंड झाले, शेवटचा १८ सप्टेंबरला मॅनेजरबरोबर, तो चांगलाच गेला, सव्वा तास बोललो आम्ही, त्यातला अर्धा वेळ तर त्यांचंच एक पेमेंटचं रिट्रायचं लफडं फळ्यावर सोडवत होतो. मग २२ ला, घटस्थापनेच्या दिवशी सकाळी, एचआरवाल्या बाईंचा फोन. पगाराचं बोलणं झालं, आणि त्यांनी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि आत्ताच्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर मागितलं. मी संध्याकाळपर्यंत पाठवलं. "दसऱ्यापर्यंत कळवते" म्हणाल्या.

दसरा २ तारखेला झाला. सोमवारी, ६ ला, मी एक साधा मेल टाकला. उत्तर नाही. काल पुन्हा टाकला तर तो दोन मिनिटांत परत आला. खाली `550 5.1.1`. तुला सांगायला नको, आपण दोघांनी आयुष्याची दोन वर्षं मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये घालवलीत. मेलबॉक्स भरला असता तर शेवटचे दोन आकडे 2.2 आले असते, 1.1 म्हणजे हा पत्ताच आता नाही. बाई गेल्या. बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर असणार, कारण पहिल्या मेलमध्ये सहीखाली दुसऱ्याच एका स्टाफिंग कंपनीचं नाव होतं, तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी फोन केलेला नंबर ऑफिसचा आहे, नुसता वाजतो.

म्हणजे मला नाकारलंय असं नाही आणि घेतलंय असंही नाही, माझी फाईल बेवारस पडलीय अशी माझी शंका आहे. पोर्टलवर अजून `Under Consideration` दिसतंय, पण ते २५ ऑगस्टपासून तेच दिसतंय, तीन राऊंड झाले तरी बदललं नाही, त्यामुळे त्याला काही अर्थ नाही. आतल्या कोणीतरी स्टेज पुढे सरकवली तरच ते बदलतं, आणि बरेच एचआर शेवटी एकदमच सरकवतात. कागद मागितले होते म्हणजे गोष्ट पगार ठरवायच्या पायरीला होती. तिथून पुढे एचआरने सिस्टीममध्ये ऑफर तयार करायची, ती मॅनेजरकडे, मग फायनान्सकडे अप्रूव्हलला जाते, मग लेटर. आता हे सुरू करणारा माणूसच गेला तर मॅनेजरला वाटत राहतं एचआर बघतंय, आणि एचआरमध्ये कोणाच्या यादीत मी नाहीच. आपल्या जुन्या ऑफिसात असं झालेलं मी स्वतः बघितलंय, त्या चेन्नईच्या पोराला आम्ही सिलेक्ट केलं होतं आणि सहा आठवड्यांनी कळलं की त्याला कोणी सांगितलंच नाही. तोवर तो दुसरीकडे जॉईन झाला होता.

दुसरी शक्यताही आहे, ती पण सांगतो. बुधवारपासून ती जागा बाहेरच्या साईटवर दिसत नाहीये. याचे तीन अर्थ होतात. जागा भरली, किंवा बजेटमुळे होल्डवर गेली, किंवा पुरेसे लोक मिळाले म्हणून फक्त जाहिरात काढली आणि आत जागा उघडीच आहे. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. आतून मात्र फरक दिसायला हवा, आणि इथे तुझी गरज आहे.

काम इतकंच. तुमच्या आतल्या जॉब पोर्टलवर R-104417 हा त्या जागेचा नंबर टाकून बघ. बहुतेक ठिकाणी आतल्या लोकांना त्यासमोर रिक्रूटरचं नाव दिसतं. जुन्या बाईंचंच नाव दिसलं किंवा काहीच दिसलं नाही तर एचआरच्या ज्या हेल्पडेस्कला तू जॉईन होताना प्रश्न विचारत होतास तिथे विचार की हा नंबर आता कोणाकडे आहे. आणि जो कोणी असेल त्याला एकट्याला एक मेसेज टाक. ग्रुपवर नको, आणि मॅनेजरला थेट नको. मॅनेजर तुझ्या मजल्यावरच बसतो हे मला माहितीय, लंचला भेटतही असेल, पण त्याच्याकडे गेलास की ती शिफारस होते आणि मला शिफारस नकोय, फक्त निरोप पोचवायचाय. रिक्रूटर सापडलाच नाही तर सोडून दे, मला कळव, मॅनेजरला मी माझ्या नावाने लिहीन.

मेसेज तू इंग्रजीत टाकशीलच, मजकूर साधारण असा: "R-104417 साठी अमुक यांचे सगळे राऊंड १८ सप्टेंबरला झाले, २२ ला कागदपत्रं दिली. त्यांच्या रिक्रूटरचा मेल आता परत येतोय. मी त्यांच्याबरोबर आधी चार वर्षं काम केलंय, इंटरव्ह्यूशी माझा संबंध नाही. ही जागा अजून उघडी आहे का आणि आता कोणाशी बोलायचं, एवढं त्यांना कळवाल का? त्यांना १७ ऑक्टोबरपर्यंत दुसरीकडे उत्तर द्यायचंय." बस. माझा फोन आणि मेल खाली जोड. रिझ्युमे जोडू नकोस, तो त्यांच्याकडे आहे, आणि रिझ्युमे दिसला की समोरच्याला वाटतं नवीन अर्ज आलाय आणि तो पुन्हा ढिगाच्या तळाशी जातो.

त्या शेवटच्या वाक्याबद्दल. ते खरं आहे, नुसतं घाई करायला टाकलेलं नाही. खराडीतल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, शुक्रवारी १७ ला संध्याकाळी तिची मुदत संपते. माझा नोटीस पिरियड नव्वद दिवस, म्हणजे १७ ला राजीनामा टाकला तरी १५ जानेवारी उजाडणार, आणि ते लोक त्याच्या पुढे एक दिवस थांबायला तयार नाहीत. त्यात २१ ला लक्ष्मीपूजन, तो आख्खा आठवडा एचआरमध्ये कोणी जागेवर नसणार. म्हणून गुरुवारपर्यंत कळलं तर बरं. पण ऑफर कोणाची, किती आकडा, यातलं काही तू बोलू नकोस, विचारलं तरी "मला माहीत नाही" म्हण. आकडा निघाला की ते भाव करणं होतं आणि ते माझं मी करेन, तुझ्या तोंडून नको.

आणि दोन गोष्टी चुकूनही करू नकोस. एक, आता माझ्या नावाचा रेफरल टाकू नकोस. तुला वाटेल निदान बोनस तरी सुटेल, मलाही तो तुला मिळाला असता तर आवडलं असतं रे, पण मी आधीच थेट आलोय, त्यामुळे तो तुला मिळण्याची शक्यता कमी, आणि सिस्टीममध्ये माझी दुसरी फाईल तयार झाली तर कोणती खरी यावर अजून चार दिवस जातील. दुसरं, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना माझं कसं झालं ते विचारू नकोस. फीडबॅक तुला दिसत असेल तरी उघडू नकोस. प्रोबेशनमध्ये असल्या क्लिकचा हिशोब द्यावा लागणं म्हणजे फुकटचा ताप.

हे मी का सांगतोय, तर मी त्या बाजूला बसलोय. तुला आठवतं का, पॅनेलवर होतो तेव्हा टेस्टिंगमधला एकजण माझ्या डेस्कशी आला होता, हातात वडापाव, आणि सगळ्यांसमोर "माझ्या मित्राचं काय झालं रे?" मी इतका अवघडलो. खरी गोष्ट अशी होती की मी त्या पोराचा फीडबॅक सहा दिवस भरलाच नव्हता, रिलीजच्या गडबडीत विसरलो होतो. अडकलो होतो मीच. पण सगळ्यांसमोर विचारल्यामुळे मी "प्रोसेसमध्ये आहे" म्हणून कटवलं आणि हट्टाने आणखी एक दिवस लावला. दुसऱ्या दिवशी एचआरने मला एकट्याला दोन ओळींचा मेल केला, तेव्हा दहा मिनिटांत भरून टाकला. त्या वडापाववाल्याने तेच चॅटवर विचारलं असतं तर पोराचा एक दिवस वाचला असता.

उत्तर काय येईल ते येवो. "होल्डवर आहे" आलं तर पुढे एक अक्षर विचारू नकोस, ते माझ्यासाठी पूर्ण उत्तर आहे, मी शुक्रवारी खराडीला हो म्हणून टाकतो. "दुसऱ्याला घेतलं" आलं तर तसंच्या तसं मला पाठव, गोड करून सांगत बसू नकोस, तुला ते जमत नाही आणि मला कळतं. "बघून सांगतो" आलं तर मात्र त्या माणसाचं नाव विचारून घे, म्हणजे पुढचा मेल मी करेन आणि तू मोकळा. आणि काहीच आलं नाही तर दुसरा मेसेज टाकू नकोस. एकच. गुरुवारपर्यंत शांतता असली तर मी समजून जातो.

हेही करावंसं वाटत नसेल तर नाही म्हण, तुमच्याकडे वातावरण कसं आहे ते मला बाहेरून कळत नाही. मनात काही ठेवणार नाही. फक्त हो की नाही ते उद्या रात्रीपर्यंत सांग, नाहीतर सोमवारी सकाळी मी तुमच्या मेन बोर्डवर फोन करून "एचआरला जोडा" म्हणत बसणार आहे, आणि त्या होल्डवरच्या बासरीचा मला आत्ताच वैताग आलाय.

बाकी घरी ठीक. आईची चकली यंदा पहिल्या घाण्यातच तुटायला लागली, भाजणीत काहीतरी कमी पडलंय म्हणते, काल रात्री अकराला पुन्हा पीठ भिजवून बसली होती. तुझा डबा काढून ठेवलाय. पाडव्याला येतोयस ना? येताना माझं ड्रिल मशीन आण, मार्चपासून तुझ्याकडे आहे, आणि दहाचं बिट त्यातच असू दे.

तुझा,
मन्या

ता.क. मेसेज टाकलास की मला "टाकला" एवढंच लिही. स्क्रीनशॉट नको, तुमच्या ऑफिसच्या चॅटचा फोटो माझ्या फोनमध्ये नको उगाच.