ऑर्डर मिळायच्या आधीचे आभार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जुन्या साहेबांनी त्या पॅकेजिंगवाल्या पार्टीशी तुझी ओळख करून दिली, हे वाचून बरं वाटलं. पण पुढचं वाक्य खटकलं. "ऑर्डर पक्की झाली की साहेबांना पेढे घेऊन जातो," असं तू लिहिलं आहेस. अरे, ऑर्डर पक्की व्हायला तीन महिने लागतील, कदाचित होणारही नाही. तोवर साहेबांनी काय समजायचं?

त्यांनी तुला ऑर्डर दिलेली नाही, तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. तो टाकला त्याच दिवशी त्यांचं काम झालं, म्हणून आभारही त्याच दिवशी मानायचे, फार तर दुसऱ्या दिवशी.

हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी मला असंच एका कारखानदाराकडे पाठवलं होतं. भेट झाली, पण कोटेशन द्यायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात ते दोघे एका कार्यक्रमात भेटले आणि कारखानदार सहज म्हणाला, "तुमचा माणूस आला होता, पण नंतर गायबच झाला." गृहस्थांना काहीच माहीत नव्हतं, ते तोंडघशी पडले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी कोणाशीही माझी ओळख करून दिली नाही. उशीर का झाला याची एक ओळ मी आधी कळवली असती, तर त्यांना तिथे उत्तर देता आलं असतं. तेव्हापासून एवढंच पाळतो: समोरच्या पार्टीची बातमी मध्यस्थाला आधी माझ्याकडून कळली पाहिजे.

आता तुझं. साहेबांनी तुम्हा दोघांना एकाच ईमेलवर जोडून दिलंय ना? त्याला उत्तर देताना पार्टीचा पत्ता 'टू'मध्ये ठेव आणि साहेबांना 'बीसीसी'त घाल. पहिल्याच ओळीत लिही, "साहेब, ओळख करून दिल्याबद्दल आभार. पुढच्या पत्रव्यवहाराचा त्रास नको म्हणून तुम्हाला बीसीसीत ठेवतो." म्हणजे तू लगेच उत्तर दिलंस हे त्यांना दिसतं, आणि पार्टीने 'रिप्लाय ऑल' केलं तरी मीटिंगच्या वेळा ठरवणारे पुढचे मेल त्यांच्याकडे जात नाहीत.

खरे आभार मात्र वेगळे, फक्त त्यांना. मी साधारण असं लिहीन:

"साहेब, काल तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, मनापासून आभार. माझं काम वेळेवर असतं असं तुम्ही त्यांना लिहिलंत, ते लक्षात ठेवून वागेन. गुरुवारी अकराला भेट ठरली आहे. भेट झाली की दोन ओळी कळवतो. उत्तर द्यायची गरज नाही."

यात त्यांनी नेमकं काय केलं ते आहे आणि पुढची बातमी कधी येईल तेही आहे. शेवटचं वाक्य गाळू नकोस, कामात बुडालेल्या माणसाला त्याने हायसं वाटतं. आणि याच पत्रात "आणखी कोणी ओळखीचं आहे का?" असं चुकूनही विचारू नकोस. ते आभार राहत नाहीत, वसुली होते.

त्यानंतर दर आठवड्याला कळवत बसू नकोस. काही वळण आलं तरच लिही: भेट झाली, कोटेशन दिलं, होकार किंवा नकार आला. मध्येच सगळं थंडावलं तर महिन्याभराने एक ओळ पुरे, "त्यांचं बजेट पुढच्या तिमाहीवर गेलंय, तेव्हा पुन्हा बोलेन." पण "तुम्ही जरा आठवण कराल का?" हे त्याला जोडू नकोस. ती वेगळी विनंती आहे. अगदीच अडलं तर फोन करून विचार, आणि नाही म्हणायला त्यांना जागा ठेव.

काय कळवायचं नाही हेही बघ. पार्टीने तुला सांगितलेला दर, त्यांच्या आतल्या कुरबुरी, आधीच्या पुरवठादाराबद्दलची तक्रार, यातलं काही साहेबांपर्यंत जाता कामा नये. ते त्यांचे स्नेही असले तरी तुला विश्वासाने सांगितलंय. बजेटचं कारणही आतलं वाटलं तर नुसतं "निर्णय पुढे गेलाय" एवढंच लिही.

नकार आला तर लिहायला सर्वांत जड जातं, आणि तिथेच बहुतेक जण गप्प बसतात. तू त्याच दिवशी कळव: "त्यांनी दुसऱ्यांना काम दिलं. त्यांना महिन्याच्या आत माल हवा होता, माझ्याकडून ते जमलं नसतं. बोलणं चांगलं झालं, तुमच्यामुळे आत जाता आलं." पार्टीला नावं ठेवू नकोस, कारण ती माणसं साहेबांचीच आहेत.

पेढे ऑर्डर मिळाल्यावर ने, जरूर ने. पैशांचं मात्र आपणहून बोलू नकोस. ते पार्टीशी व्यवहारात असतील तर कमिशनच्या नुसत्या उल्लेखानेही अवघडतील.

हे पत्र मिळेल तेव्हा ओळख होऊन चार दिवस झालेले असतील. तरी लिही, उशिराबद्दल अर्धी ओळ पुरे. आणि गुरुवारी काय झालं ते साहेबांना कळवल्यावर मलाही कळव.

तुझा,
जुना मित्र