निधी आवाहनाच्या मजकुराबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

शाळेच्या वाचनालयासाठीचे आवाहनपत्र सोमवारी छपाईला जाईल. त्याआधी रविवारी सकाळी १० वाजता शाळेच्या व्हरांड्यात मसुद्याचे वाचन आहे. मजकूर समितीने आणि शक्य तितक्या पालकांनी यावे.

सध्याच्या मसुद्यात पहिलेच वाक्य असे आहे: ‘गरीब व गरजू मुलांना मदतीचा हात द्या.’ हे पत्रक त्याच मुलांच्या घरी जाणार आहे आणि मुले ते वाचणार आहेत. शिवाय नेमके काय हवे, हे त्यातून देणगीदाराला कळत नाही.

‘वंचित’ किंवा ‘दुर्बल’ घालूनही प्रश्न सुटत नाही, शिक्का तेवढा बदलतो. म्हणून मुलांना विशेषण न लावता शाळेत काय कमी आहे ते लिहावे. उदाहरणार्थ: ‘आमच्या शाळेत मुले वाचायला उत्सुक आहेत, पण पुस्तके एकाच कपाटात मावतील एवढीच आहेत. पालकांनी खोली रंगवून दिली आहे. आता पुस्तके आणि मांडण्या हव्या आहेत.’ यात अडचण लपवलेली नाही आणि गावाचा वाटाही दिसतो. हा वाटा मात्र खरा असेल तरच लिहावा.

लक्षात ठेवा:
- उत्पन्नाची अट सांगणे भागच असेल, तर ‘कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थी’ असे लिहा.
- मुलाचा फोटो किंवा नाव पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको. रडवेला, फाटक्या कपड्यांतला फोटो तर संमती असली तरी नको.

दुरुस्त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत चिटणीसांकडे द्याव्यात. एखादे वाक्य पालकांसमोर मोठ्याने वाचताना आपल्यालाच संकोच वाटला, तर ते तिथेच बदलू.

– मजकूर समिती