मागच्या रांगेतून

औसा, सोमवार

चि. मंजू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री पावणेनऊला पोचले. एसटीत जागा मिळाली, गुडघा बरा आहे, डबा तुझ्याकडेच राहिला. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि मागे कुणीतरी सही मागत असतं. म्हणून लिहिते.

कालचं तुझं बोलणं मला आवडलं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे माझं काय होईल मला माहीत आहे. मुख्याध्यापिका म्हणून पहिलीच पालकसभा, आणि तू उभी राहून सांगितलंस की वर्षभरात गणिताचे दोन शिक्षक सोडून गेले, मैदान शेजारच्या मंगल कार्यालयाचं आहे आणि लग्नसराईत ते मिळत नाही. सचिवांच्या कपाळावर आठी मी मागून पाहिली. पण चौथीची पोरं न अडखळता वाचतात, कुणीही वर्गात येऊन पुस्तक उघडून बघा, असं म्हणालीस तेव्हा लोकांनी ते मानलं. मैदानाचं खरं बोललीस म्हणून वाचनाचंही खरं वाटलं. मी शेजारच्या बाईला सांगणार होते की ही माझी लेक, पण गप्प राहिले.

मग ते वाक्य आलं. "फीपायी एकही मूल घरी बसणार नाही, तो शब्द माझा." टाळ्या पडल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. मंजू, तो शब्द तुझा कसा? सवलत द्यायचा अधिकार संस्थेचा. उद्या संस्था नाही म्हणाली तर लोक तुझ्या दारात येतील, सचिवांच्या नाही. तुझ्या बाबांचंही असंच एका शब्दावरून झालं होतं. ते पुन्हा काढत नाही.

फीच्या खिडकीमागे मी अठ्ठावीस वर्षं बसले. आमची अनुदानित शाळा, फी ती केवढी! तरी ईबीसीच्या फीमाफीचा फॉर्म भरायला उत्पन्नाचा दाखला लागे आणि तहसीलच्या चकरा परवडत नाहीत म्हणून लोक फॉर्मच भरत नसत. एका वर्षी एका पोराची दहावीच्या बोर्डाची फी मी पदरची भरली. पुढच्या वर्षी तिघांची, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा जण खिडकीशी उभे. नाही कुणाला म्हणायचं? बाबांचं घड्याळ त्याच साली गेलं. आणि खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्यांना मागता येत होतं त्यांनाच मिळालं. एक आजी पदराची गाठ सोडून दहा-दहाच्या नोटा मोजायची, दोन कमी पडल्या की "उद्या आणते, बाई" म्हणून परत जायची. तिने कधी फीमाफी मागितली नाही, म्हणून तिला मिळालीही नाही. कुणा एकाची दया ही अशी असते बघ. सवलत कुणाला, किती, अर्ज कुणाकडे, निर्णय किती दिवसांत, हे संस्थेकडून ठराव करून कागदावर घे आणि मग तो कागद वाचून दाखव.

हे लेक्चर झालं. माफ कर. पण अजून दोन गोष्टी आहेत.

रेणापूरकडचा तो फेटेवाला उठून म्हणाला, "मॅडम, फी वाढंल का नाही, तेवढं सांगा." तू म्हणालीस, ठरलेली फी कायद्याने दोन वर्षं बदलत नाही. बरोबर आहे. 2011 चा कायदा तेच म्हणतो. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे संस्था प्रस्ताव ठेवते, त्या समितीत वर्गावर्गाचे पालक चिठ्ठी टाकून निवडलेले असतात, आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधून राहते. पण ती दोन वर्षं शाळेची, त्या माणसाच्या लेकराची नव्हेत. तुमची फी ठरली 2025-26 साठी. तो पोराला घालणार 2026-27 ला, म्हणजे दुसऱ्या वर्षात. त्याच्या हिशेबाने 2028 पर्यंत निर्धास्त, आणि तुमचा नवा प्रस्ताव येणार याच डिसेंबरच्या आत, कारण वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी तो ठेवावा लागतो. तू खोटं बोलली नाहीस, मला माहीत आहे. पण वर्षभराने त्याला तू खोटी वाटशील. "ही फी पुढच्या मार्चपर्यंतची, त्यानंतर बदलू शकते, बदल समितीत ठरेल आणि त्या समितीत तुमचीही चिठ्ठी निघू शकते," एवढं शांतपणे सांगितलं असतंस तर तो मुकाट्याने खाली बसला असता. वाढीला माणूस भीत नाही गं, न सांगता आलेल्या वाढीला भितो.

दुसरी गोष्ट माझ्या शेजारच्या बाईच्या नवऱ्याची. तुझ्या माहितीपत्रकाच्या पाठीवर त्याने आकडा मांडला. फी 24,000, भागिले बारा, "म्हंजे महिन्याला दोन". बायकोने मान हलवली. मग तुझा क्लार्क म्हणाला, पहिला हप्ता 12,000 जूनला. व्हॅनचे महिना 800. वह्या, पुस्तकं, गणवेश धरून साडेपाच हजार. त्याने पुन्हा बेरीज केली, एकट्या जूनचे 18,300. पेन टोपणात घालून तो खिडकीबाहेर बघत बसला. जून म्हणजे पेरणी, मंजू. बियाण्याची बॅग, खत, ट्रॅक्टरवाला, सगळे त्याच पंधरवड्यात दारात. त्याच माणसाकडे दिवाळीत सोयाबीनचे पैसे असतात, फेब्रुवारीत तुरीचे.

जूनला 6,000, नोव्हेंबरला 12,000, फेब्रुवारीला 6,000, एवढं केलं तरी त्याचा जून 12,300 वर येतो. फी एक रुपयाही कमी होत नाही. संस्थेला मात्र कळ सोसावी लागते. साठ पालकांनी असा हप्ता घेतला तर 3,60,000 जूनऐवजी फेब्रुवारीत येतील, आणि शिक्षकांचे पगार काही थांबत नाहीत. सचिव हेच म्हणतील आणि ते चूक नाहीत. म्हणून साठ नको, तीस म्हण, पण आकडा घेऊन जा त्यांच्याकडे. आणि पाऊस नाहीच आला तर नोव्हेंबरही कोरडा जाईल, तेही बोलून ठेव. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते 2016 साल तू विसरली नसशील.

आता बघ, तीन पानं झाली आणि पुन्हा त्या वाक्याशीच आले. तो शब्द तुझा म्हणू नकोस गं. निदान संस्थेने लिहून देईपर्यंत. तुझ्या स्वभावाने तू पगारातून भरायला लागशील, आणि मला सांगणार नाहीस. मीही कुठे कुणाला सांगितलं होतं.

रविवारी दुसरी सभा आहे ना? सकाळच्या गाडीने येते. मागेच बसेन, काही बोलणार नाही. त्या फेटेवाल्याचा फोन क्लार्कच्या वहीत असेल, त्याला मात्र बोलावून घे.

डबा घासून ठेव.

तुझी,
आई