एकच कुर्ता आणि मामाचं जाकीट

मिरज
12 फेब्रुवारी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र परवा मिळालं. भाचीचं लग्न वैशाखात ठरलं हे वाचून फार आनंद झाला. तिला मांडवात घेऊन जाणारा मामा तू, म्हणजे बोहल्यापाशी सगळ्यांच्या नजरा तुझ्यावरही असणार. साखरपुडा, सीमांतपूजन, लग्न, असे तीन प्रसंग आणि तीन नवे कुर्ते शिवू का, असं विचारलंयस. शिवू नकोस. तुझ्याकडचा तो मोतिया रंगाचा साधा सुती कुर्ता आहे ना, तोच ठेव आणि वर दोन जाकिटं कर. एक खादीचं, एक खणाचं.

कुर्ता साधाच हवा, याला कारण आहे. जाकीट अंगासरशी बसतं, त्यामुळे आतल्या कुर्त्याच्या छातीवर भरतकाम किंवा जाड बटणं असली की ती जाकिटातून उठून दिसतात, आणि बटणपट्टी सपाट बसतच नाही. तुझ्या कुर्त्याची बटणं चपटी आहेत, गळा उभ्या पट्टीचा आहे, तेव्हा तो अगदी योग्य. गोल गळ्याचा कुर्ता मात्र आत घालू नकोस. मग जाकिटाची कॉलर थेट मानेला घासते, घाम तिच्यात मुरतो, आणि खण काही घरी पिळून वाळत टाकता येत नाही. कुर्त्याची पट्टी जाकिटाच्या कॉलरीवर पाव इंच दिसायला हवी. ती दिसते छान, पण तिचं खरं काम मान आणि जाकीट यांच्यामध्ये राहण्याचं आहे.

आता खणाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलो आहे. आपल्या आईच्या चोळ्या ज्याच्या असत तोच हा खण, बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा. त्याचा पन्हा अरुंद, साधारण 30-31 इंच, कारण तो चोळीसाठीच विणला जायचा. जाकिटाची पाठ त्यात बसते, पण पुढचे दोन्ही भाग शेजारी शेजारी मांडले की काठ मध्ये येतो. मी हिशेबात पावणेदोन मीटर घेतला. शिंप्याने कापड पुरवण्यासाठी डावा भाग थोडा वर, उजवा थोडा खाली असा कापला. बटणं लावल्यावर छातीवरची बुट्ट्यांची ओळ अर्धा इंच तुटलेली दिसायची. ते पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून तू अडीच मीटर घे, आणि कात्री लावण्याआधी दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून बुट्टीला बुट्टी लागली का, हे शिंप्याकडून बघून घे.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. खणाचे धागे कापलेल्या कडेला पटकन सुटतात. माझं जाकीट अंगाला घट्ट होतं, आणि एका लग्नात दिवसभर वावरल्यावर मुंढ्याखाली शिलाईजवळ कापड विरळ झालं, आतलं अस्तर दिसू लागलं. तेव्हा तीन गोष्टी पक्क्या सांग. कापडाला आतून पातळ चिकट कॅनव्हास लावायचा, कडा ओव्हरलॉक करायच्या, आणि शिलाईत अर्ध्याऐवजी पाऊण इंच दाब ठेवायचा. अस्तर चकचकीत सॅटिनचं नको. वैशाखात ते पाठीला चिकटतं. ब्लाउजला लावतात ते सुती रुबिया लाव, आधी भिजवून, वाळवून.

माप कुर्ता अंगात असतानाच द्यायचं. कुर्त्यावरून छाती 40 भरली, तर तयार जाकीट 44 हवं. उंची तुझ्या बांध्याला 28 इंच पुरे, म्हणजे 40 इंची कुर्त्याचा खाली फूटभर भाग दिसेल. जाकीट याहून लांब झालं की बसल्यावर ते मांडीवर टेकतं आणि कॉलर हनुवटीखाली येते. पंगतीत बसताना खालची दोन बटणं सोडायचीच, पण ती सोडूनही कॉलर वर चढत असेल तर उंची जास्त झाली असं समज.

सगळ्यात महत्त्वाचा तिरा. जाकिटाचा खांदा कुर्त्याच्या खांद्याच्या शिवणीपेक्षा अर्धा इंच आत संपला पाहिजे. बाहेर आला की हात वर करताना दंड त्याला खालून ढकलतो आणि अख्खं जाकीट कानापर्यंत उचललं जातं. मंगलाष्टकांना अक्षता टाकायला हात कितीदा वर जातो ते आठव! ट्रायलला आरशासमोर तसाच हात उचलून बघ. आमच्या दुकानात बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला हात वर करायला लावत, आणि त्यावर मुंढा किती खोदायचा ते ठरवत. मुंढ्यात कुर्त्याची बाही चुरगळून गोळा होत असेल तर तो पाव-पाव इंच खोलवता येतो, पण एकदा जास्त कापला गेला तर इलाज नाही. म्हणून पहिल्या ट्रायलला तो थोडा लहानच असू दे.

रंग भाचीच्या शालूला विचारून ठरव, पण खण धूपछाव असतो हे लक्षात ठेव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दुकानातल्या दिव्याखाली जांभळा वाटलेला उन्हात लालसर दिसतो. तुकडा दारात उजेडाला नेऊन बघ आणि बटणं त्या दोनांपैकी गडद रंगाची, त्याच कापडाने मढवलेली घे. सोनेरी धातूची नको, खणाच्या शेजारी ती भडक वाटतात.

खिशाचं एक राहिलं. मामाच्या खिशात आहेराची पाकिटं असणारच, तेवढ्यासाठी आतून एक खिसा करून घे. फोन मात्र कुर्त्याच्या बाजूच्या खिशात. फोनच्या वजनाने जाकिटाची एक बाजू खाली ओढली जाते आणि बटणांची रेघ तिरकी दिसते.

खादीचं जाकीट सोपं आहे. राखाडी घे. कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, मगच शिवायला दे, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतं. साखरपुड्याला हेच घाल, त्या दिवशी मान वराकडच्या मंडळींचा. सीमांतपूजनालाही हेच चालेल, खण लग्नाच्या सकाळसाठी राखून ठेव. पुढे ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ असला तर त्याच कुर्त्यावर हेच. कुणाच्या घरी भेटायला, समाचाराला जायचं असेल तर मात्र जाकीट घरीच ठेवावं असं मला वाटतं. नाना गेले तेव्हा तू नुसता हा कुर्ता घालून आला होतास, आईला ते अजून आठवतं.

होमाला तुझ्या भावजींना सोवळ्यात बसायचं आहे, तू तिथे मदतीला असलास तर जाकीट काढून वहिनींकडे दे. तुपाचा एक थेंब खणावर पडला तर डाग राहतो.

शिंप्याकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाक, लगीनसराई सुरू झाली की ट्रायलला कुणाला वेळ नसतो. खण इथून घेऊन पाठवायचा असेल तर शालूचा फोटो आणि रविवारपर्यंत निरोप दे, सोमवारी मी सांगलीला जाणारच आहे.

वहिनींना नमस्कार, भाचीला खूप आशीर्वाद.

तुझा,
विनायक